जातं कुठे गेलं?

पद्मजाआत्याने इंदूरच्या मराठी घरांतून जमवलेल्या म्हणींचं इंग्रजी रघुवीरने वेळेआधी पुरं केलं होतं. प्रत्येक म्हणीला त्याने अर्थाने जुळणारी तयार इंग्रजी म्हण लावली होती. टिपांची कटकटच नको. छापायला देण्याआधी तो आत्याला इंग्रजी वाचून अर्थ सांगत होता. जात्यावर दळणाऱ्या सुनेच्या म्हणीच्या जागी आता इंग्रजी म्हणीतला एक घोडा उभा होता.

"वा, छान आहे रे!" आत्या म्हणाली. "पण ही मला कोणी दिली? अपने यहाँ की तो नहीं लगती."

रघुवीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही म्हण तर आत्याच्या आईची.

"आत्या, ही जात्याची."

"मग जातं कुठे गेलं?"

त्याने खालमानेने छापखान्याला फोन लावला, "भिया, अभी रुको, सगळंच पुन्हा करायचंय." मग त्याने सुनेला आणि जात्याला शब्दशः इंग्रजीत आणलं आणि खाली सून पहाटे का दळायची, याची टीप लिहिली. घोडा टिपेच्या शेवटी गेला.

"आईचं नाव येईल?" आत्याने विचारलं.

"टिपेच्या पहिल्याच ओळीत," तो म्हणाला. पण मान वर करायचं त्याचं धाडस झालं नाही.