सातनंतरच्या ऑर्डरी

लोकांना ऑनलाइन दुकानं उभी करून देणं हा माझा धंदा. नागपुरात घरी बसूनच करते. एके दिवशी खापरखेड्याहून एका काकूंचा फोन आला. काळा मसाला, मूगवड्या आणि कुरड्या त्या आधीपासून विकत होत्या, आता पुण्या-मुंबईतले नागपूरकरही मागायला लागले होते. "फोनवर पत्ते लिहून लिहून हात दुखते वं," म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्याशी बोल. तेच सगळं पाहतेत."

हे म्हणजे काका. वीज केंद्रातल्या कंट्रोल रूममधून निवृत्त झालेले. मी कॉलनीत गेले तेव्हा त्यांनी टेबलावर कोरं रजिस्टर उघडून ठेवलं होतं. वर तारीख, खाली माझं नाव आणि आल्याची वेळ. मी दहा मिनिटं उशिरा पोचले होते, तेही लिहिलेलं होतं.

काम सोपं होतं. शॉपिफाय नावाच्या साइटवर माझ्या खात्यातून एक कच्चं दुकान काढलं, फोटो घेतले, वजनाप्रमाणे पोस्टेज लावलं, घरपोच पैसे देण्याची सोय ठेवली आणि ऑनलाइन पैसे थेट काकूंच्या बँकेत जातील असं जोडून दिलं. अन्न परवाना काकूंच्या नावावर होता, म्हणून दुकानाची मालकीणही त्याच. काकांना हे जरा लागलं, पण कागद बघितल्यावर त्यांनी ते रजिस्टरात उतरवून घेतलं.

चाचणीची ऑर्डर काकांनीच टाकली. पाव किलो मसाला, पत्ता स्वतःचाच. दोन खोल्यांपलीकडे काकूंचा फोन टिंग वाजला आणि त्या आतून ओरडल्या, "कोनाले पाह्यजे मसाला?" काका खुर्चीतल्या खुर्चीत सरळ होत म्हणाले, "मले!"

मग दुकान सुपूर्द करायचा दिवस आला. मी माझ्या खात्यातून मालकी काकूंच्या ईमेलवर पाठवली, त्यांनी ती स्वीकारली, प्लॅन निवडला आणि कार्डाचा नंबर घातला. काकांनी मला थांबवलं.

"म्हणजे चार्ज आमच्याकडे आला?"

"हो काका. आता दुकान तुमचं. मला फक्त मदतनीस म्हणून आत यायची परवानगी राहील, तीही तुम्ही कधीही काढू शकता."

"मंग इथं सही कर. चार्ज दिला. मी करतो, चार्ज घेतला."

सही खरी काकूंची हवी होती, हे मी मनातच ठेवलं.

शिकवणीला दोघंही बसले. काका लिहून घेत होते, काकू वड्या उन्हातून काढता काढता बघत होत्या. नवी वस्तू कशी टाकायची, संपली की काय करायचं, ऑर्डर पाठवली की नोंद कुठे करायची, हे काकांना तीनदा सांगावं लागलं. काकूंनी तिसऱ्यांदा माझ्याआधी सांगितलं. मग मी शेवटची गोष्ट दाखवली. दुकान तयार होईपर्यंत त्यावर पासवर्डचं पान असतं, आलेल्या माणसाला फक्त 'लवकरच उघडतोय' एवढंच दिसतं. ते काढलं की दुकान सगळ्यांना खुलं.

"म्हणजे शटर," काका म्हणाले.

"हो काका, शटरच समजा."

हे वाक्य मला महागात पडलं.

राहता राहिली फी. मी समजावून सांगितलं. शॉपिफायचं दर महिन्याचं भाडं वेगळं, ते कार्डातून कटणार. माझी मदतीची फी वेगळी. पहिले पंधरा दिवस फुकट, पुढे महिन्याला दोन तास, त्याचे ठरलेले पैसे.

"काहून?" काका म्हणाले. "यात बिघडण्यासारखं आहे काय? ना पंखा, ना बेअरिंग. मी आख्खं युनिट चालवलं, हे नाही चालवणार?"

मी कराराचा कागद सहीविनाच परत पिशवीत घातला. काकूंनी मला डब्यात कुरड्या बांधून दिल्या आणि दारात हळूच म्हणाल्या, "थांब थोडी. फोन येईन त्यांचा."

आधी आला तो काकूंचाच. पंधरा दिवस व्हायला दोन दिवस होते.

"अवं, संध्याकाळी एकही ऑर्डर येत नाही. हे रोज सात वाजता शटर पाडून राहिले."

"कुठलं शटर?"

"तू शिकवलेलं! सातले पासवर्ड लावतेत, सकाळी नऊले काढतेत. रजिस्टरमंधी वेळ लिहितेत. म्हणे, मालक झोपल्यावर दुकान उघडं ठेवायचं नसते."

मी एवढी हसले की चहा सांडला. लोक ऑफिसातून घरी येऊन, जेवून निवांत झाल्यावरच खरेदीला बसतात, आणि नेमकं तेव्हाच आमचं दुकान 'लवकरच उघडतोय' म्हणत होतं. मी म्हटलं, मी बोलते काकांशी.

"नको. फी नको म्हटल्यावर तुझं ऐकतीन काय ते? आणि मी काढून टाकलं तर सकाळी चौकशी बसते. एवढंच सांग, पासवर्ड माहीत असला त्याले त्या पानावरून आत जाता येते?"

"येतं."

"सामानही घेता येते?"

"येतं."

"ठीक आहे," म्हणाल्या आणि फोन ठेवला. फुकटच्या मुदतीतले दोन प्रश्न. मी दोन्हीची उत्तरं प्रामाणिकपणे दिली होती.

पुढच्याच आठवड्यात काकांचा फोन. आवाज कंट्रोल रूमचा.

"पोरी, गंभीर आहे. शटर बंद असताना ऑर्डरी येऊन राहिल्या. काल सव्वाआठले तीन. लीकेज आहे कुठं तरी. तुझी ती फी किती म्हणाली होती?"

काकूंच्या त्या दोन प्रश्नांवरून मला सगळं कळलं होतं आणि समोरचा माणूस पैसे देऊन तेच विचारत होता. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घे की पैसे. येण्याजाण्याचे तरी निघतीन."

मी गेले. काकांनी करारावर सही केली, रजिस्टरमध्ये माझीही घेतली. मग मी ऑर्डरींची यादी उघडली आणि स्वतः काही न सांगता म्हटलं, "काका, सातनंतरच्या ऑर्डरींची नावं वाचा."

ते वाचू लागले. कन्हानची एक. खाप्याची एक. कॉलनीतल्या दोन. पाचव्या नावावर चष्मा वर केला. सातव्यावर रजिस्टर बंद केलं.

"अवं!" त्यांनी आत हाक मारली. "ह्या तर साऱ्या तुझ्या भिशीतल्या बाया!"

काकू पदराला हात पुसत आल्या. "मंग? त्यांले फुरसत सातनंतरच भेटते. ग्रुपवर पासवर्ड टाकला. मागच्या दाराची किल्ली म्हणून."

"मले नाही सांगितलं?"

"तुम्ही शटर पाडताना मले विचारलं होतं?"

मला वाटलं, आता आवाज चढणार.  पण काकांनी पडद्यावर बोटानं ऑर्डरी मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि माझ्याकडे वळले.

"बंद असताना एवढ्या. उघडं असतं तर?"

"तेच तर," काकू म्हणाल्या.

पासवर्ड त्यांनी स्वतः काढला आणि मला पहिल्यांदाच चहा विचारला. वर म्हणाले, "पण बिघाड नव्हता. मंग फी कशाची?"

"तपासणीची," मी म्हटलं. त्यांच्या प्लांटवर येणारा प्रत्येक ठेकेदार हेच म्हणत असणार, कारण काका पहिल्यांदा हसले.

करार त्यांनी वर्षाचा केला. महिन्याचे दोन तास मात्र ते वाया जाऊ देत नाहीत. काकूंचे प्रश्न वीस मिनिटांत संपतात, उरलेल्या वेळासाठी काका यादी करून ठेवतात. मागच्या महिन्यात यादी संपली तरी चाळीस मिनिटं उरली, तर त्यांनी मला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला बसवलं.