दिवा लागला का?

दामू माणूस कामाचा, पण फुगणारा. चिंचणीच्या कोळीवाड्यातला. बापाच्या होडीवर त्याचा जीव रमला नाही, म्हणून बोईसरला जाऊन वायरमन झाला आणि पुढे तारापूरच्या वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात चिकटला. सत्त्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर वाढले, तेव्हा त्यांच्या केबलीही त्याच्याच गळ्यात पडल्या. सगळ्या करड्या, सगळ्या सारख्या, एकीवरही चिठ्ठी नाही. टाकणारा कंत्राटदार काम उरकून केव्हाच पसार झाला होता.

भिंतीतली केबल ओळखायला दामूकडे दोन हत्यारं होती. एक टोनर, म्हणजे चिमट्यांची पिवळी डबी. केबलीच्या एका टोकाला चिमटे लावले की ती तारांतून किर्रकिर्र सूर सोडते. दुसरा प्रोब, म्हणजे पेनासारखी कांडी. ती भिंतीवरून, केबलींवरून फिरवायची आणि सूर कुठे मोठा होतो ते ऐकायचं. मात्र हा सूर लबाड असतो. एका नळीत शेजारी-शेजारी गेलेल्या केबलींत तो झिरपतो, आणि शेजारीणही गाऊ लागते. म्हणून नुसत्या सुरावर भरवसा ठेवायचा नसतो. संशयाच्या केबलीचं टोक कापायचं, जोडीच्या दोन तारा सोलून एकमेकींना पिळायच्या, आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाने डबीची कळ फिरवून तिच्यावरचा दिवा बघायचा. लागला तर केबल तीच. नाही लागला तर दुसरी, मग कापलेल्या टोकाला नवा प्लग बसवून ती परत जोडायची.

तो दुसऱ्या टोकाचा माणूस म्हणजे महादू. दामूच्याच आळीतला, शेडमध्ये रसायनं शिजवणाऱ्या रिअॅक्टरवर ऑपरेटर. शिफ्टमध्ये फुरसत मिळाली की तो डबीपाशी उभा राही आणि भिंतीपलीकडून ओरडे, "लागला रे!" तेवढ्यावर दामू पुढचं काम करी. सहा वर्षं असंच चाललं होतं, आणि त्यात दोघांनाही काही विशेष वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात मात्र दोघं बोलत नव्हते. कारण ऐकलंत तर हसाल. नव्या साहेबांसमोर दामूने एका यंत्राचं इंग्रजी नाव चुकीचं उच्चारलं आणि महादू खो-खो हसला. एवढंच. पण दामूच्या मनात ते सलत राहिलं. महादूने दोनदा चहाला बोलावलं, याने दोन्ही वेळा मान फिरवली.

मंगळवारी साप्ताहिक सुट्टी. कॉम्प्युटर बंद, कंट्रोल रूममध्ये सगळ्या केबली जिथे जुळतात त्या पेटीतले दिवे विझलेले. जुन्या स्टोअररूमची निकामी केबल पेटीतून काढायची होती. दामूने स्टोअरच्या भिंतीवर केबल जिथे संपते त्या डबीत टोनरचे चिमटे लावले आणि कंट्रोल रूममध्ये येऊन भिंतीच्या भोकातून निघणाऱ्या गुच्छावर प्रोब फिरवला. दोन केबली गात होत्या. बाहेरची जरा मोठ्याने, आतली खोल, गुच्छात दबलेली. खात्री करायला माणूस हवा होता. महादू सुट्टी असूनही रिअॅक्टर धुवायला आलेला, समोर शेडच्या दारात उभा होता, हाक मारली असती तर आला असता. दामूने मारली नाही. 'याला कशाला विचारा? मला येत नाय काय?' असं म्हणत त्याने बाहेरची केबल कापली, टोकाला काळी टेप गुंडाळली आणि भोकात ढकलून दिली.

गुरुवारी सकाळी रिअॅक्टर तापला. शेडमधल्या कॉम्प्युटरवर आकडे दिसत होतेच, पण ऑपरेटरने बटण दाबलं की धोक्याची खूण कंट्रोल रूममध्ये जाणार ती केबलीवरून, आणि एरवी त्या केबलीवरून काही जात नसे. शेडचा इंटरकॉम चार महिने बंद होता, ते सगळ्यांना माहीत होतं, आणि चालू यंत्रांच्या आवाजात हाक ऐकू जात नव्हती. कंट्रोल रूममध्ये काहीच पोचलं नाही, म्हणून रिअॅक्टर तापवणारी वाफ तिथून कुणी बंद केली नाही. स्फोट झाला, आग लागली, आणि महादू त्यात गेला.

चौकशी दोन दिवसांत उरकली. कंट्रोल रूमच्या नोंदीत धोक्याची खूण नाही, म्हणजे ऑपरेटरने दिलीच नाही, म्हणजे तो झोपला होता. शेड झाडणारी बुधी, डोंगराकडची कंत्राटी बाई, हाताला पट्टी बांधून सांगत फिरत होती, "त्याने बटण दाबलं. तीन येला दाबलं. मना बोल्ला, तू पल." पण कंत्राटी बाईचं कोण ऐकतो?

गावात गोष्ट आधी पोचली होती. चिंचणीच्या मासळीबाजारात बायका महादूच्या बायकोला, हिराला, ऐकू जाईल असं बोलत, की हिचा नवरा झोपला आणि कारखाना पेटला. हिराने बाजार सोडला. मासळीची पाटी दारात उपडी पडून राहिली.

दामूची झोप उडाली होती. आपण कुठली केबल कापली ते त्याला आतून कळलं होतं, पण माणूस स्वतःलाही फसवतो. चौकशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बुधीला घेऊन जळक्या शेडपाशी गेला. दाराजवळची केबलीची डबी वाचली होती. पुढच्या जळक्या तारा त्याने सोडवल्या, निळ्या जोडीला चिमटे लावले आणि भिंतीवरून प्रोब फिरवत निघाला. सूर भिंतीतून कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, थेट कंट्रोल रूमच्या भोकाशी आला. त्याने बोटं घातली. काळी टेप लागली. त्याचीच टेप.

तरी म्हणाला, सूर झिरपतो, खात्री करू. टेप सोलली, निळी आणि पांढरी-निळी तार एकमेकींना पिळली, आणि आधी सांगून ठेवल्याप्रमाणे हाक मारली, "बुधे, कळ फिरव! दिवा लागला का?"

पलीकडे कळ कटकन वाजली.

"लागला!" बुधी ओरडली. "लागला, दादा!"

दामूने पिळलेल्या तारा तशाच ठेवल्या आणि टेप खिशात घातली.

त्याच दुपारी तो साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांनी दार लावून घेतलं. "हे बघ दामू, झालं ते झालं. तू कशाला अंगावर ओढवून घेतोस? टेप परत लाव आणि गप्प बस."

"नाय साहेब. तो झोपला नव्हता. मी कापली केबल. कागद द्या, लिहून देतो."

कागद मिळाला नाही. मग बुधीने सांगितलेलं आणि स्वतः केलेलं असं दोन्ही त्याने वहीच्या पानावर लिहिलं, खाली सही केली. साहेब हात लावीनात, तेव्हा ते पान त्याने टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडला. नोकरी त्या आठवड्यातच गेली.

संध्याकाळी हिराच्या दारात त्याने सगळं सांगितलं. रुसव्यासकट. हिराने दारातली उपडी पाटी सुलटी केली आणि विचारलं,

"तू हाक मारली असती, तर तो आला असता?"

"आला असता, वैनी."

दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारात गेली आणि भर गर्दीत उभी राहून म्हणाली, "माझा नवरा जागा होता. बटण तीन येला दाबलं त्याने." मग खाली बसून तिने मासळी मांडली.

दामू पुढे पालघरला एका दुकानात लागला, केबली टाकायच्या कामावरच. दुसऱ्या टोकाला माणूस उभा केल्याशिवाय त्याने परत कधी एक तारही कापली नाही. दामू अजून चिंचणीतच राहतो, हिराही त्याच आळीत राहते. दामू समोरून आला की ती डोक्यावरची पाटी सावरते आणि बाजूने निघून जाते. त्याने दोनदा हाक मारून पाहिली. ती थांबली नाही.