मानेवर मोजलेले केस

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये, अप्पळम, म्हणजे पापड, आणि लोणच्याच्या एका दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की शैलाचं पार्लर लागतं. एक खुर्ची, एक आरसा, एक पंखा आणि वाट बघणाऱ्या बायकांसाठी बाकडं. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर सांगलीहून इथे आली. रविकांतला आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात नोकरी, आणि घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून शैलाने कातरी हातात घेतली. तमीळ तिला फाडफाड येतं, पण सांगलीचा हेल काही गेला नाही. बायका हसतात. हसू देत, ती म्हणते, मान माझ्याच हातात आहे ना तुमची.

शैलाची एक खासियत होती. आखूड केस वाढवायचे असतील, तर तिच्याकडे जावं. हे ऐकायला विचित्र वाटतं. वाढवायचे तर कापायचे कशाला, घरी बसा, आपोआप वाढतील, असं शंभरातल्या नव्वद बायकांना वाटतं. त्या घरी बसतात, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात डोकं असं होतं की कानांवर केस पंख्यासारखे पसरलेले, मानेवर शेपूट, आणि वर टाळूवर चपटं. मग वैतागून पुन्हा सगळं कापून टाकतात नाहीतर क्लिपा लावून तोंड लपवत फिरतात. शैलाला अशा बायकांचा रागच यायचा. तुमच्या केसांनी काय घोडं मारलंय तुमचं, त्यांना जरा रस्ता दाखवा की.

हरिणी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या डोक्यावर चार महिन्यांचे केस होते, चार-पाच बोटं काही नाहीत, जेमतेम तीन. एकोणतीस वर्षांची, मैलापूरच्या एका बँकेत काउंटरवर बसणारी, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. तिच्या आप्पांचं, म्हणजे वडील बालाजीरावांचं, हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आईने नवस बोलला होता. आपल्या केसांचा नव्हे, मुलीच्या केसांचा. कंबरेपर्यंतची वेणी तिरुपतीला देऊन हरिणी परत आली. वडील बरे झाले, म्हणजे बोलायलाही जागा उरली नाही.

"शैलाक्का, मज केस खांद्यापर्यंत हवेत," ती खुर्चीत बसून म्हणाली. "जास्त नको. काउंटरवर जो येतो तो विचारतो, तिरुपती का? कुणासाठी? झालं का काम? पासबुक नंतर, आधी माझं डोकं. कुणी विचारू नये एवढे केस पाहिजेत, बस."

मुलीचं मागणं तरी किती साधं. शैलाला ती तिथेच आवडली.

तिने सगळं समजावून सांगितलं. मुंडण केल्यावर डोकंभर केस एकाच लांबीचे येतात, आणि तिथेच घोटाळा होतो. मानेवरचे केस खाली असतात, म्हणून ते कॉलरला आधी टेकतात. टाळूवरच्या केसांना तिथवर यायला कितीतरी लांबचा प्रवास. म्हणून मानेवरच्यांना थांबवून धरायचं, दर सहा-सात आठवड्यांनी कापून दोन बोटांवर ठेवायचं. कानांभोवती नीट करायचं, बाजूंचा फुगवटा आतून विरळ करायचा. वरच्या आणि पुढच्या केसांना मात्र कातरी लावायची नाही. महिन्याला अर्धा इंच, त्याहून जास्त कुणाच्या बापाला वाढवता येत नाही. पुढची बट हनुवटीला आली की मग मान मोकळी सोडायची. तोवर प्रत्येक महिन्यात डोक्याला काहीतरी आकार असेल, आणि बघणाऱ्याला वाटेल, हिने मुद्दामच असे ठेवलेत.

"फक्त एक आहे," हरिणी म्हणाली. "आईला कळू नये. तिला वाटतं, देवाला दिल्यावर येणाऱ्या केसांना कातरी लागली तर ते पुन्हा वाढत नाहीत."

"मी कशाला सांगू?" शैला म्हणाली.

आणि सुरू झालं. हरिणी शनिवारी यायची, ऑफिस सुटल्यावर, आयब्रो करायला जाते असं घरी सांगून. यायला लागल्यापासून तिसऱ्या महिन्यात शैलाने पुढचे केस एका बाजूला वळवायला शिकवलं. पाचव्या महिन्यात, जिथवर येण्याआधीच सगळ्या बायका हार मानतात, तिथे हरिणी जिना चढून आली ती हसतच. काउंटरवरच्या एका बाईंनी विचारलं होतं, हा कट कुठे केलास? तिरुपतीचं नाव नाही. शैलाला त्या दिवशी जेवण गोड लागलं. रविकांतला तिने दोनदा सांगितलं, तो दोन्ही वेळा बरं म्हणाला.

सातव्या महिन्यात एका सकाळी अन्नपूर्णाबाई स्वतःच जिना चढून आल्या. हरिणीची आई. नऊवारी नाही, पण कांजीवरमचा काठ ठसठशीत, हातात मल्लीपूची, मोगऱ्याची पुडी. शैलाने ओळख पटताच बाकडं पुसलं.

"इकडं माझी मुलगी येते म्हणे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "काय करती ती?"

शैलाने खरं सांगायला तोंड उघडलं, आणि हरिणीचा आरशातला चेहरा आठवला. "आयब्रोला येते, मामी. बाकी काही नाही."

"केसांस हात लावत नाही न?"

"नाही."

अन्नपूर्णाबाईंनी पुडी सोडली. "मग वाढत कां नाहीत," त्या म्हणाल्या, शैलाशी नव्हे, स्वतःशीच. दोन मल्लीपूचे गजरे तिच्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. खोटं बोलून मिळालेली फुलं शैलाने केसांत माळली नाहीत, पण टाकलीही नाहीत. देव्हाऱ्यात ठेवून दिली. आपण एका पोरीचं गुपित राखलं, एवढंच तिला त्या वेळी वाटलं.

दहावा महिना. हरिणीची पुढची बट हनुवटीच्या खाली उतरली होती. पुढच्या खेपेला मान सोडायची, असं शैलाने ठरवलं होतं. अजून सहाएक महिन्यांत सगळे मिळून खांद्यावर, एका रेषेत. आणि हरिणी शनिवारऐवजी बुधवारी आली. खुर्चीत बसली नाही, बाकड्यावर बसली.

"शुक्रवारी तिरुपती," ती म्हणाली.

"कशाला?"

हरिणीने पर्समधून एक पांढरा दोरा काढला. त्याला जवळजवळ गाठी मारलेल्या होत्या. "आई दर महिन्याला मोजायची. मी झोपेत असताना मानेवर, जिथून वेणी सुरू होते तिथून. तिच्या आईने तिचे असेच मोजले होते. या बघ गाठी. आधी पुढे पुढे गेल्यात, मग एकाच जागी. एकावर एक."

शैलाने दोरा हातात घेतला. दोन बोटांवर गाठींचा गठ्ठा झाला होता. तिचीच दोन बोटं. दर सहा-सात आठवड्यांनी ती जिथे कातरी थांबवत होती, नेमकी तीच जागा.

"पुढं येतात, मागं येत नाहीत, म्हणजे देवानं पहिलं दान नीट घेतलं नाही, असं तिने ठरवलं," हरिणी म्हणाली. "आप्पांना परवा जरा धाप लागली. तिने त्याच वेळी बोलून टाकलं, पुन्हा देते म्हणून. दुसऱ्या दानाने सारखे येतील, आणि आप्पांनाही काही होणार नाही."

शैलाने पार्लरला कुलूप घातलं, हरिणीच्या हाताला धरलं आणि चार गल्ल्या पलीकडे त्यांच्या घरी गेली. अशी कधी कुणाच्या घरी ती गेली नव्हती. अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरात होत्या, बालाजीराव खुर्चीत पेपर धरून. शैलाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मान मुद्दाम आखूड ठेवली होती, केस छान वाढतायत, टाळूवरचा एक केस ओढून बघा, मोजायचेच तर पुढून मोजा, मामी, पुढचे बघा कुठे आलेत. तिने हरिणीची बट ओढून हनुवटीखाली धरूनही दाखवली.

अन्नपूर्णाबाईंनी ती बट पाहिली. मग शैलाकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, हात लावत नाही."

"चुकलंच माझं."

"मी विचारून गेले. सांगितलं असतं तर मी नवस कां बोलले असते?" त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं. "आता बोलून झालं. तोंडातून गेलेलं मी कसं परत घेऊ? यांच्या नावावर बोलले आहे."

बालाजीरावांनी पेपर खाली घेतला नाही. एवढ्या मोठ्या माणसाने, ज्याच्या जिवासाठी दोन वेळा मुलीचं डोकं मागितलं जात होतं, त्याने एक शब्द काढला असता तर. नाही काढला. शैलाला त्या क्षणी आईपेक्षा त्याचाच जास्त राग आला. आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण सातव्या महिन्यात एक वाक्य खरं बोलायला तिला काय झालं होतं.

हरिणी शुक्रवारी गेली. रविवारी डोक्याला चंदन लावून परत आली, असं खालच्या अप्पळमवाल्याने सांगितलं. शैला खिडकीशी गेली नाही.

पाच महिने हरिणी फिरकली नाही. शैला दुसऱ्या बायकांचे केस कापत राहिली. वाढवायला आलेल्या एकीला तिने सरळ सांगितलं, आधी घरी सांगून या, मग बसा. ती बाई चिडून निघून गेली.

मग एका शनिवारी, नेहमीच्या वेळेला, जिन्यावर पावलं वाजली. डोक्यावर पाच महिन्यांचे केस, कानांवर पंखे, मानेवर शेपूट सुरू झालेलं. हरिणी खुर्चीत बसली, आणि शैलाने टॉवेल गुंडाळला. दोघींना एकमेकींकडे बघता येईना, म्हणून दोघी आरशात बघत राहिल्या.

"मान दोन बोटांवर ठेवते," शैला शेवटी म्हणाली. "या वेळी मामींना सांगून."

"नको. सगळीकडे कर दोन बोटं."

"सगळीकडे म्हणजे? पुढचे तर आत्ता कुठे भुवईला टेकतायत. ते सोड."

"नाही. दर महिन्याला येईन. आता असेच ठेवायचे, कायमचे. आई पुन्हा काही बोलली, तरी देण्यासारखं काही उरायलाच नको."

"काउंटरवर विचारतील."

"विचारू दे."

शैलाने कातरी मानेवर नेली. सवयीने तिचा हात आधी तिथेच जायचा. हरिणीने तिचं मनगट धरलं.

"पुढून सुरू कर, अक्का. आई आता पुढून मोजते."

शैलाने हात मानेवरून काढून पुढे नेला. मग मागच्या वेळी दहा महिने जिला तिने कातरी लावू दिली नव्हती, ती कपाळावरची बट बोटांत धरली आणि कापली.