ईशान्येचा दगड

नव्वदीच्या दशकात आईने राजाजीनगरच्या पलीकडे तीस बाय चाळीसचा सैट, म्हणजे घरासाठीचा प्लॉट, घेतला, तेव्हा वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. चामराजपेटेत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही मायलेकी राहत होतो. सैट तिचा, नकाशा तिच्या नावाचा. पण भूमिपूजेला ती बसेना. भटजी म्हणाले, एकट्या बाईने संकल्प सोडायला काही हरकत नाही. तरी तिचं एकच, जोडपंच बसू दे. मग पाटावर थोरले काका आणि काकू बसले.

मला राग आला होता, आणि तो काकांचा नव्हता. लोकांना आई कधीच भ्यायली नाही. आपल्या विधवेच्या हाताने घराला काही अशुभ लागेल, याची तिला धास्ती होती, आणि या धास्तीपुढे माझं शिक्षण तोकडं पडलं.

काकांनी पळीभर पाणी सोडलं. संकल्पात त्यांचं नाव आलं. गणपती, पुण्याहवाचन, मग भूमीची आणि वास्तुपुरुषाची पूजा. ईशान्येच्या कोपऱ्यात पहारीचे पाच घाव घालून हातभर खड्डा झाला. तांब्याच्या गडूत नवधान्य, पंचरत्नांची पुडी, चांदीचं कासव घालून त्याचं तोंड बांधलं आणि तो खाली ठेवला. वर दूध सोडून हळदकुंकवाचा घडीव दगड बसला. कोहळा फुटला. आई कुंपणापाशी लोकांना कोसंबरी, भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, वाटत होती.

आठ दिवसांनी पायाचे चर खणले गेले, चांगले चार फूट खोल. पूजेचा दगड वरच लटकल्यासारखा राहिला. मेस्त्रीने तो गडूसकट काढून केळीच्या पानावर ठेवला. प्रत्येक घरात असंच होतं म्हणाला. मुहूर्त लागलेला आहे, आता तळाच्या काँक्रीटवर, त्याच कोपऱ्यात परत बसवायचा. फक्त घरचा हात हवा. काका कामासाठी हुबळीला गेले होते. माल कालवून तयार होता आणि ऊन चढत होतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम पुढे झाले नाही. आजही त्याचा मला पश्चात्ताप नाही.

"नीवे इडि अक्का," मेस्त्री म्हणाला. तुम्हीच ठेवा.

ती शिडीवरून चरात उतरली. गडू ठेवला, मेस्त्रीने त्याच्याभोवती माल थापला, आणि दोघांनी मिळून दगड टेकवला. मेस्त्रीने दोरा लावून तो स्वल्प डावीकडे सरकवला. आईचे हात दगडावरच होते. मंत्र तिला येत नव्हते. तिने वाकून जमिनीला स्वतःचं नाव सांगितलं, माझ्या वडिलांच्या नावासकट, ऑफिसात फॉर्म भरताना सांगते तसं. मग हळूच म्हणाली, "घर मी बांधतेय. राग धरू नकोस."

वर उभ्या उभ्या मला रडू आलं.