वऱ्हाडाच्या डब्यातला दिवा

माझं लग्न बडोद्याला होतं आणि आमचं अंधेरीचं वऱ्हाड बोरिवलीहून गाडी पकडणार होतं. मी हवेत होते नुसती! आणि फलाटावर पाय ठेवताच भांडण.

मामाने वरातीसाठी बॅगभर फटाके आणलेले. बाबांनी ती बॅग तिथेच, आम्हाला पोचवायला आलेल्या मित्राच्या हातात कोंबली. "गाडीत फटाके, रॉकेल, स्टोव्ह, सिलेंडर काही चालत नाही. पकडलं तर दंड, तुरुंगही. तिकडे घे विकत!" मामा फुगून बसला.

मग आत्याचा नंबर. आमच्यात नवरीबरोबर घरचा दिवा पेटता जातो, अक्षता पडेपर्यंत विझू द्यायचा नाही. पूर्वी सासर दोन गल्ल्या पलीकडे असायचं हो, तेव्हा ठीक होतं! बाबांनी तो विझवायला लावला, तशी आत्या रडायलाच लागली. आई गेल्यापासून मला तिनेच वाढवलेलं. तिला वाटलं, आता पोरीच्या संसाराचं वाटोळं होणार.

पालघर मागे पडलं. आमच्या गाण्यांनी एसीचा डबा डोक्यावर घेतलेला. आत्या मात्र खालच्या बर्थवर, वरून चादर सोडून आत. मला वाटलं, झोपली. कसली झोप! टीसीला दिसू नये म्हणून चादर लावून बाईने दिवा पुन्हा पेटवला होता. गाडीने हिसका दिला, दिवा कलंडला आणि चादर भडकली.

"आग!" मी इतक्या जोरात ओरडले की घसा फाटला. मामाने साखळी ओढली. डब्याच्या खिडक्या बंद, त्यामुळे धूर बघता बघता भरला. बाबा ओरडत होते, "सामान सोडा! नाक-तोंड ओल्या रुमालाने झाका, वाकून पुढच्या डब्यात चला! गाडी थांबेपर्यंत कुणी उडी मारायची नाही!"

सगळे निघाले. आत्या नाही. ती खाली बसून धुरात दिवा चाचपडत होती.

"आत्या, चल!"

"विझला गं, तुझा दिवा विझला!"

"खड्ड्यात गेला दिवा! मला तू हवीयेस!" मी तिचा दंड धरून तिला फरफटत नेलं. मागे डब्याच्या अटेंडंटने अग्निशामकाची पिन काढली आणि ज्वाळांच्या बुडाशी फवारा मारला. गाडी थांबली, तोवर आग विझली होती. शेजारच्या रुळाकडे पाठ करून आम्ही दुसऱ्या बाजूने खाली उतरलो. त्याच बर्थखाली मामाची बॅग असती तर? पुढचा विचार मी केला नाही.

पोलिसांनी चौकशी केली, आत्याने सगळं कबूल केलं, दंडाची पावती निमूट घेतली.

दुसऱ्या दिवशी मांडवात नवा दिवा लावला. आत्याने त्याच्याजवळ पाण्याची भरलेली बादली ठेवली आणि शेजारी बसली. मंगलाष्टकं सुरू झाली, मी तिला खुणावलं, ये ना इकडे. तिने मान हलवली. अक्षता पडल्या तेव्हा मला वाढवणारी माझी आत्या माझ्याकडे नाही, त्या दिव्याकडे बघत होती, एका हाताने बादलीची कडी घट्ट धरून.