अर्धं डोकं सरळ

नवी बाटली हातात आली की मावशी आधी तिची मागची बाजू वाचायची. मग झाकण उघडून, लांबूनच, हाताने हवा नाकाकडे ओढून वास घ्यायची. नवं क्रीम आधी स्वतःच्या कोपराच्या आत लावायची आणि दोन दिवस तो हात जपायची. गिऱ्हाइकाशी बोलताना आरशात बघायची. चहा गार झाल्यावरच तिला आठवायचा.

दोन खुर्च्यांचं तिचं पार्लर. एक खिडकी, तीही रंग देताना चिकटून कायमची बंद झालेली. हाताखाली सख्खी भाची. हात चांगला, पण पायाला भिंगरी.

समोर नवं सलून उघडलं आणि केराटिनची पाटी लागली. कुरळे केस महिनोन्‌महिने सरळ, चकचकीत. भाचीने धोशा लावला.

"मावशी, सगळे करतायत. आपणच मागे."

"सगळे म्हणजे कोण?"

"समोरचे."

"ते सगळे नव्हेत, समोरचे."

भाची मग हळूच म्हणाली, "त्यांनी मला बोलावलंय. शिकवणार आहेत."

त्या दिवशीचा चहा मावशीने गरम प्यायला.

दुसऱ्या दिवसापासून तिची चौकशी सुरू झाली. केराटिनच्या कंपनीचा माणूस म्हणे, शिकवणं फुकट. कधी? बाटल्यांची मोठी पेटी घेतली तर. हिशोब केला तर लांब, दाट केसांना बाटली दुप्पट लागणार होती. एका बाईपाठी दोन-तीन तास खुर्ची अडणार होती आणि तेवढ्यात चार जणींचे केस कापून व्हायचे.

"आणि बायकांना हवंय का?" मावशी म्हणाली.

"सगळ्या हो म्हणतात," भाची म्हणाली.

"हो कुणीही म्हणतं. कुठल्या दिवशी येताय ते विचार. किंमत सांगून विचार."

भाचीने विचारलं. नाक मुरडत विचारलं. हो म्हणणाऱ्या ढीगभर होत्या, दिवस सांगणाऱ्या तिघी. त्यातली एक गरोदर निघाली. तिला भाचीनेच नको म्हणून सांगितलं.

"तरी दोघी आहेत," भाची म्हणाली. "आणि बघितल्याशिवाय नाही कसं म्हणायचं?"

हे मात्र मावशीला पटलं. तिने कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि आपलंच कुरळं डोकं पुढे केलं.

"तुम्हीच बसणार?" तो माणूस चाट पडला.

"दुसऱ्याचं डोकं कशाला बिघडवू?"

त्याने औषध लावलं, सुकवलं आणि तापलेल्या चिमट्यातून एकेक बट ओढायला सुरुवात केली. धूर निघू लागला. डाव्या बाजूचे केस कसे रेशमासारखे पडले. मावशी आरशात टक लावून बघत होती, लहान मूल बघतं तशी. तेवढ्यात मागे भाचीला खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मावशीचाही घसा चरचरत होता, पण ते तिला आत्ता कळलं.

"थांबा," ती म्हणाली. "दार उघडा."

"अहो, ते विषारी फॉर्मल्डिहाइड नाही यात. बाटलीवर लिहिलंय."

"बाटलीत नसेल. गरम केल्यावर काय निघतं ते कुठे लिहिलंय?"

त्याने बाटली उलटसुलट केली. "विचारून सांगतो," म्हणाला. प्रामाणिकपणे म्हणाला.

"सांगा. मलाही जाणून घ्यायचंय."

"पण अर्धं डोकं राहिलं की ताई."

"राहू दे. दोन्ही बाजू बघायला मिळतील."

भाची दारात तोंड धुवत होती. मावशी तिला म्हणाली, "बाई एकदा येऊन जाते. धुरात दिवसभर तू उभी राहणार. समोर जायचं तर जा. पण आधी बघ, त्यांच्याकडे हवा कुठून बाहेर जाते."

भाची बघून आली. "छताला मोठा पंखा आहे, धूर ओढणारा. भिंत फोडून बसवलाय. आपल्याला नाही परवडायचा." मग पायातली चप्पल काढत म्हणाली, "दोन गिऱ्हाइकांसाठी तर नाहीच."

मावशी अर्ध्या डोक्याने पार्लरात वावरू लागली. बायका हसायच्या. हसून झालं की हात लावायच्या. आणि गंमत अशी की हात जायचा उजवीकडे, कुरळ्या बाजूला. सरळ केसांशेजारी ते कुरळे केस कधी नव्हे ते उठून दिसत होते. "हे असे कसे ठेवता हो? माझे तर नुसते पिंजारतात."

भाचीने कान टवकारले. "कुरळे केस कापायला, सेट करायला शिकले तर याल? कुठल्या दिवशी?"

तिघी नव्हे, बऱ्याच जणींनी दिवस सांगितले. शिकवणी छोटी होती. लागणार होतं पाणी, क्रीम आणि ड्रायरला लावायची, वारा पसरवणारी एक जाळी. धूर नाही. क्रीम आधी दोघींच्या कोपरात गेलं. भाची शिकायला गेली आणि परत आली ती इथेच.

आता डावीकडे मुळाशी कुरळे केस वाढलेत. भाची कात्री घेऊन मागे लागते, "बस ना मावशी, सरळ टोकं उडवते."

मावशी आरशात ती बाजू बोटांत धरून बघते. "थांब जरा. अजून किती टिकतंय बघू."

भाची कात्री परत डब्यात ठेवते.