सव्वीस किलो शेण

आत्याचा डावा डोळा चुलीच्या धुरानं कधीच गेला होता. उजव्याबद्दल दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की धूर थांबला नाही तर हाही फार दिवस साथ देणार नाही. आत्यानं ते घरी येऊन सांगितलं. भाऊ "बघू" म्हणाला. वहिनी म्हणाली, की डॉक्टर सगळ्यांना असंच घाबरवतात. वहिनीचे दोन्ही डोळे ठणठणीत होते, तिला काय जातंय बोलायला.

नवरा घर सोडून निघून गेल्यावर आत्या भावाकडे आली, त्याला बावीस वर्षं झाली. भावानं तिला ठेवून घेतलं असं सगळे कौतुकानं म्हणत. मागच्या पडवीतली चूल, गोठा आणि चार गाई तिच्याकडे आल्या, याचं कौतुक मात्र कुणी केलं नाही. माणसांपेक्षा गाईंशीच ती जास्त बोलत असे, आणि गाई निदान ऐकून तरी घेत.

म्हणून भाचीनं कॉलेजातून येऊन सांगितलं, की सरांनी अक्षय ऊर्जेच्या विषयात छोट्या शेतासाठी गोबरगॅसचा आराखडा करायला दिलाय, आणि भावानंही तो खरोखर बांधायचं कबूल केलं, तेव्हा आत्या गोठ्यात जाऊन चक्क रडली. भावाची अट एकच होती. कागदावर जेवढं निघेल तेवढंच बांधायचं, वर एक वीट लावायची नाही.

भाचीनं आत्याला सगळं समजावलं. मुलगी हुशार होती, त्याबद्दल वाद नाही. शेणात तेवढंच पाणी कालवायचं आणि जमिनीखालच्या घुमटाच्या टाकीत सोडायचं. आत हवा जाता कामा नये. हवेवाचून जगणारे जिवाणू त्या काल्याचं आधी आम्ल करतात, मग दुसरे जिवाणू त्या आम्लाचा गॅस करतात. गॅस घुमटाखाली साठतो आणि काला दुसऱ्या बाजूच्या हौदात ढकलतो. शेगडी उघडली की हौदातला काला परत खाली येतो आणि त्याच्या दाबानं गॅस नळीतून बाहेर पडतो. आत्या म्हणाली, "म्हणजे गाईच्या पोटात जे चालतं तेच." भाचीनं ते वाक्य स्वतःचं म्हणून पहिल्या पानावर लिहिलं.

पहिला हिशेब पुस्तकातून आला. एका गाईचं रोजचं शेण दहा किलो, चार गाईंचं चाळीस. किलोमागे चाळीस लिटर गॅस धरला तर सोळाशे लिटर. स्वयंपाकाला माणशी अडीचशे लिटर लागतो. भाऊ, वहिनी, भाची, वहिनीची आई आणि आत्या अशा पाच जणांना साडेबाराशे पुरे. उरलेल्या गॅसवर चहा करू, असं आत्या गाईंना सांगून मोकळी झाली.

सरांनी वही परत पाठवली. गाई दिवसभर माळावर चरतात, तिकडचं शेण टाकीत कोण आणणार, असं त्यांनी विचारलं होतं. पुस्तकातला आकडा नको, सात दिवस वजन करून आणा.

भाचीला शेणाला हात लावायचा नव्हता, म्हणून वजन आत्यानं केलं. ताणकाट्याला बादली अडकवून, बादलीचं वजन वजा करून, रोज सकाळी. काडीकचरा वेचून काढला, माती झाडली, कारण माती टाकीच्या तळाशी बसते हे ती ऐकून होती. बोटानं काटा जरा खाली ओढला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडून आकडा मागितला होता. तो तिनं खरा दिला. सरासरी निघाली सव्वीस किलो.

सर खूश झाले. वर्गात वही दाखवून म्हणाले, याला मोजमाप म्हणतात. भाचीची कॉलर ताठ झाली.

सव्वीस किलोचा गॅस एक हजार चाळीस लिटर. पाच माणसांना दोनशे दहा कमी पडत होता. गरज आणि पुरवठा जुळला नाही तर गुण कापले जाणार होते. आत्यानं सुचवलं, की गाई सकाळी तासभर उशिरा सोडू, त्या वेळेलाच त्या जास्त शेण टाकतात. भावानं तेवढा चारा द्यायला नकार दिला. मग दोन दिवस भाची खोलीतून बाहेरच आली नाही. तिसऱ्या दिवशी आराखडा पूर्ण झाला, आणि आत्यानं माझं वजन कुठे लिहिलंय ते वाचून दाखव म्हणून हट्ट धरला.

भाचीनं वाचलं. शेण सव्वीस किलो, पाणी सव्वीस लिटर, रोजचा काला बावन्न लिटर. टाकीत मुक्काम चाळीस दिवस, म्हणून काल्याची जागा दोन हजार ऐंशी लिटर. वर गॅससाठी सहाशे. कुटुंबातील माणसं चार.

"पाच ना गं?" आत्या म्हणाली.

"तुझी चूल आहेच ना मागे," भाची वहीतून मान वर न काढता म्हणाली. "आणि तुला धरलंय की. हे बघ, रोजचं कालवणं आणि भरणं, घरातलं मनुष्यबळ, एक."

आत्यानं उजवा डोळा वहीजवळ नेला. जिनं चालता येईपर्यंत आत्याच्या कडेवरून खाली पाय ठेवला नव्हता, तिनं खोडरबरानं तिला पुसलं होतं, आणि रबराचा कचरा अजून पानावर होता. भावाला तिनं संध्याकाळी विचारलं. तो म्हणाला, "हिशेब तुझ्याच वजनाचा आहे, मी काय करू?"

गवंड्यानं पंधरा दिवसांत घुमट बांधला. टाकी भरल्यावर सुरुवातीचा गॅस पेटेना, तो सोडून दिला. काही दिवसांनी शेगडीवर निळी ज्योत आली, तेव्हा सर बघायला आले होते. त्यांनी भाचीच्या पाठीवर थाप मारली आणि रोज टाकी कोण भरतं ते विचारलं. वहिनी म्हणाली, "आहे एक बाई." बाई तिथेच बादली धूत उभी होती.

टाकी मारायची कशी, हे आत्याला ठाऊक होतं. सरांनीच बजावलं होतं, की साबणाचं पाणी आत गेलं तर जिवाणू मरतात. वहिनीच्या धुण्याचं पाणी हातभर अंतरावर असायचं. एकदा तिनं ती बादली उचललीही. मग वाटलं, त्या बिचाऱ्या जिवाणूंनी माझं काय वाईट केलंय. तिनं ते पाणी मोरीत ओतलं आणि स्वतःवरच चिडली.

थंडी पडली आणि गॅस निम्म्यावर आला. गार हवेत जिवाणू मंदावतात, काला पन्नासेक दिवस तरी राहायला हवा होता, टाकी लहान धरली गेली होती. चूक भाचीची होती. पण टाकी आता वाढवता येणार नव्हती. सरांनी उपाय सांगितला, की शेणात कालवायचं पाणी कोमट घ्या. उन्हात ठेवलं तरी चालेल. पण गाई सकाळीच सुटायच्या, त्यांच्यामागे आत्याही जायची, आणि ऊन तापेपर्यंत थांबायला टाकी भरणारं दुसरं कुणी नव्हतं. वहिनीनं पाणी गॅसवर तापवू दिलं नाही. गॅस आधीच कमी.

म्हणून रोज पहाटे आत्या मागच्या पडवीत चूल पेटवायची आणि सव्वीस लिटर पाणी तापवायची. थंडीतली लाकडं ओलसर, धूर दुप्पट. गॅस खरंच थोडा वाढला. भाचीनं वहीत पुरवणी जोडली: कोमट पाण्याचा परिणाम चांगला, जादा खर्च काही नाही. त्या पानाला सरांनी वेगळे गुण दिले.

थंडी सरत आली तेव्हा रोजचं शेण तोलताना आत्याला ताणकाट्यावरचे आकडे दिसेनासे झाले. पाणी किती तापलंय ते ती बोट बुडवून बघू लागली.